फ्लॅटचा नकाशा वाचायचा कसा: बुकिंगपूर्वीची तपासणी, पायरीपायरीने

फ्लॅट पाहायला जाणारी बहुतेक मंडळी नकाशा हातात घेतात, पण तो वाचत नाहीत. सोफा कुठे दाखवला आहे, दार कोणत्या दिशेला आहे आणि एकूण किती स्क्वेअर फूट, एवढे पाहून कागद घडी करून पिशवीत जातो. नंतर ताबा घेताना कपाटाचे दार पलंगाला अडते, किंवा स्वयंपाकघराची खिडकी हवेच्या डक्टमध्ये उघडते, आणि हे सारे नकाशात आधीपासून काढलेले होते असे लक्षात येते. ही चूक टाळायची तर वाचण्याचा क्रम सांभाळावा लागतो: आधी कागद खरा आहे का, मग प्रमाण, मग मापे, मग चिन्हे, मग क्षेत्रफळ, आणि सर्वांत शेवटी फर्निचर. बहुतेक लोक या क्रमाच्या शेवटाकडून सुरुवात करतात.

समजावण्यासाठी पुण्याच्या उपनगरात आढळतो तसा दोन बेडरूमचा एक फ्लॅट गृहीत धरला आहे. त्याचे आकडे उदाहरणापुरते असले तरी हिशेबाची रीत आपल्या नकाशाला जशीच्या तशी लागू पडेल.

## तयारी: कोणते कागद, कोणती साधने

चार कागद गोळा करावेत. पहिला, बिल्डरच्या ब्रोशरमधील फ्लॅटचा रंगीत नकाशा. दुसरा, महापालिकेने किंवा अन्य नियोजन प्राधिकरणाने शिक्का मारून मंजूर केलेला इमारतीचा नकाशा. तिसरा, संपूर्ण भूखंडाचा लेआउट, ज्यात शेजारच्या इमारती, रस्ते आणि पुढील टप्पे दिसतात. चौथा, विक्री कराराच्या मसुद्याला जोडलेला फ्लॅटचा नकाशा. मंजूर नकाशे महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीपानावर शोधावेत आणि तेथे स्पष्ट दिसत नसतील तर बिल्डरकडे प्रत मागावी.

साधने थोडीच लागतात: ३० सेंटिमीटरची पोलादी पट्टी, पाच मीटरचा टेप, कॅल्क्युलेटर आणि दोन रंगांच्या पेन्सिली. नकाशा शक्यतो ए३ आकारात छापून घ्यावा. मोबाइलच्या पडद्यावर तुटक रेषा आणि बारीक आकडे हमखास निसटतात.

इशारा: नोंदणीकृत विक्री करार होण्यापूर्वी फ्लॅटच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास २०१६ चा स्थावर संपदा कायदा बिल्डरला मनाई करतो. त्यामुळे ‘आज मोठी रक्कम भरा, नकाशा नंतर देतो’ हा आग्रह मान्य करण्याचे कारण नाही.

## १. हा नकाशा आपल्याच फ्लॅटचा आहे का?

ब्रोशरमधील नकाशा बहुधा एका प्रकारच्या फ्लॅटचा प्रातिनिधिक असतो. त्याच मजल्यावर जिन्याच्या पलीकडे असलेला फ्लॅट त्याची आरशातली प्रतिमा असू शकतो. म्हणजे चित्रात हॉलची बाल्कनी डावीकडे असेल, तर आपल्या फ्लॅटमध्ये ती उजवीकडे येते आणि पूर्वेचा प्रकाश पश्चिमेचा होतो. म्हणून मजल्याच्या पूर्ण नकाशावर आपला फ्लॅट क्रमांक शोधावा, त्याला पेन्सिलीने वेढा घालावा आणि ब्रोशरचा नकाशा शेजारी ठेवून दारे, खिडक्या, शौचालये एकाच बाजूला आहेत ना हे एकेक करून ताडून पाहावे.

मग मजला पाहावा. मंजूर नकाशात ‘टिपिकल’ मजल्याखाली कोणकोणत्या मजल्यांचे क्रमांक लिहिले आहेत ते वाचावे. उंच इमारतीत आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखीव जागा असलेल्या मजल्याची रचना वेगळी असते आणि तेथील फ्लॅटचा आकार इतर मजल्यांसारखा असेलच असे नाही.

नकाशावरचा शिक्का, परवानगीचा क्रमांक आणि तारीखही वहीत उतरवून घ्यावी. एकाच प्रकल्पाचे नकाशे एकापेक्षा अधिक वेळा सुधारून मंजूर होणे सर्रास घडते, आणि जुना मंजूर नकाशा हा आजच्या इमारतीचा नकाशा नसतो.

तपासणी: उत्तर दिशेचा बाण फ्लॅटच्या नकाशात आणि लेआउटमध्ये एकाच दिशेला येतो का? ब्रोशरमध्ये पान भरण्यासाठी नकाशा फिरवलेला असतो आणि बाण कधी तसाच राहून जातो. लेआउटवरचा बाण प्रमाण मानावा.

## २. प्रमाण: पट्टी लावण्याआधी काय करावे

‘१:१००’ याचा अर्थ कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जागेवरचे शंभर सेंटिमीटर, अर्थात एक मीटर. ‘१:५०’ असेल तर कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे एक मीटर. मात्र हे प्रमाण कागद मूळ आकारात छापला असेल तरच खरे ठरते. ए३ कागदावरचा नकाशा ए४ वर छापला की प्रत्येक रेषा सुमारे ०.७ पट होते आणि वर लिहिलेले ‘१:१००’ मात्र तसेच राहते. पट्टी लावून फसण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

त्यामुळे आपल्या प्रतीचे प्रमाण स्वतःच काढावे. उदाहरणातल्या हॉलची लांबी ६.०० मीटर लिहिलेली आहे आणि कागदावर ती ४.२ सेंटिमीटर भरते. ६०० भागिले ४.२ म्हणजे सुमारे १४३, तेव्हा आपल्या हातातली प्रत १:१४३ ची आहे. आता पॅसेजची रुंदी लिहिलेली नाही, पण कागदावर ती साडेसात मिलिमीटर भरते असे समजा. ०.७५ गुणिले १४३ म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर. अर्धा मिलिमीटर मोजण्यात चुकला तरी उत्तर सात सेंटिमीटरने हलते, म्हणून अशा मापाला अंदाजच समजावे आणि खरे माप बिल्डरकडून लिहून घ्यावे. आपल्या फ्लॅटच्या बाबतीत ते १.०५ मीटर निघाले.

एकदा आडवे आणि एकदा उभे, अशी दोन मापे घेऊन प्रमाण काढावे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर चित्र एका बाजूने ताणलेले आहे आणि त्यावर पट्टी लावण्यात अर्थ नाही. ‘प्रमाणात नाही’ किंवा ‘एनटीएस’ असे लिहिलेल्या चित्रालाही हेच लागू. नकाशावर मीटरच्या खुणांची आडवी पट्टी काढलेली असेल तर मात्र ती कागदाबरोबर लहानमोठी होते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

इशारा: लिहिलेले माप आणि पट्टीने आलेले माप यांत फरक पडला तर लिहिलेले माप ग्राह्य धरतात. मात्र फरक मोठा असेल तर तो प्रश्नांच्या यादीत टाकावा.

## ३. मापे: कुठून कुठपर्यंत?

खोलीच्या आत लिहिलेले ‘३.०० × ३.९०’ हे भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापासून समोरच्या भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर असते. नकाशाच्या बाहेरच्या बाजूने, दोन्ही टोकांना तिरपी रेघ किंवा बाण असलेल्या रेषेवर जी मापे असतात ती मात्र भिंतींसह किंवा कॉलमच्या मध्यरेषांची असू शकतात. मापाची रेषा ज्या आडव्या खुणेवर थांबते ती खूण भिंतीच्या कोणत्या कडेला टेकते हे पाहिल्याशिवाय आकडा उतरवू नये.

दुसरा प्रश्न प्लास्टरचा. नकाशातली मापे सहसा प्लास्टरपूर्वीची असतात. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतींना आतून प्लास्टर झाल्यावर खोली दोन्ही बाजू मिळून साधारण तीन सेंटिमीटरने अरुंद होते. बाथरूममध्ये प्लास्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइल मिळून हा फरक सहा ते आठ सेंटिमीटरपर्यंत जातो. आपल्या फ्लॅटचे सामायिक टॉयलेट नकाशात १.२० मीटर रुंद आहे, प्रत्यक्षात हाती सुमारे १.१३ येईल. हॉलमध्ये तीन सेंटिमीटर जाणवणार नाहीत, पण या टॉयलेटमध्ये सात सेंटिमीटर जाणवतात.

तिसरी चूक फूट-इंचांची, आणि ती शिकलेले लोकही करतात. १० फूट ३ इंच म्हणजे १०.३ फूट नव्हेत, तर १०.२५ फूट. १२ फूट १० इंच म्हणजे १२.१० नव्हेत, १२.८३ फूट. इंचांना बाराने भागून मगच गुणाकार करावा. माझा सल्ला असा की सगळी तपासणी मीटरमध्येच करावी आणि शेवटी एकदाच १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढावेत.

## ४. रेषा आणि चिन्हे: नकाशाची लिपी

नकाशा म्हणजे जमिनीपासून साधारण एक ते सव्वा मीटर उंचीवर इमारत आडवी कापून वरून पाहिलेले दृश्य. हे ध्यानात ठेवले की निम्मी चिन्हे आपोआप कळतात. जे कापले गेले ते जाड रेषेने दाखवतात, कापाच्या खाली दिसते ते बारीक रेषेने, आणि कापाच्या वर असते ते तुटक रेषेने.

भिंती आणि कॉलम. दोन जाड समांतर रेषा म्हणजे भिंत. त्यांतले काळे भरलेले किंवा रेघांनी भरलेले चौकोन म्हणजे कॉलम. खोलीच्या आत कॉलमचा कोपरा किती पुढे येतो हे पाहावे, कारण खोलीचे लिहिलेले माप बहुधा कॉलम टाळून, भिंतीपासून घेतलेले असते. पलंगाच्या डोक्याशी १५ सेंटिमीटर पुढे आलेला कॉलम ३.०० मीटरच्या खोलीला त्या ठिकाणी २.८५ मीटरची करतो. नकाशात संपूर्ण भिंतच काळी भरलेली असेल, तर ती काँक्रीटची असण्याची दाट शक्यता असते. ॲल्युमिनियम फॉर्मवर्कने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून, बांधलेल्या इमारतींत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्या पुढे पाडता किंवा सरकवता येत नाहीत. ‘हॉल-किचन एक करू’ असा बेत मनात असेल तर हा प्रश्न बुकिंगपूर्वीच विचारावा.

तुटक रेषा. खोलीच्या मधून जाणारी तुटक रेषा बहुतेकदा वरची बीम किंवा माळा दाखवते. मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची २.९५ मीटर आणि स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून बीमची खोली ६० सेंटिमीटर असेल, तर बीमखाली फरशीचा थर धरण्याआधीच २.३५ मीटर उरतात. भिंतीच्या रांगेतली बीम त्रास देत नाही. पलंगावरून किंवा हॉलच्या मध्यातून जाणारी बीम मात्र रोज डोळ्यांवर येते. नकाशावरून बीमची खोली कळत नाही, त्यासाठी इमारतीचा छेद, म्हणजे सेक्शन, मागावा लागतो.

दारे. दाराचे पान एका रेषेने आणि ते फिरण्याचा मार्ग पाव वर्तुळाने दाखवतात. पाव वर्तुळाच्या आत कपाट, कमोड, बेसिन किंवा दुसऱ्या दाराचे वर्तुळ येता कामा नये. दाराजवळ ‘डी’, ‘डी१’, ‘डी२’ आणि खिडकीजवळ ‘डब्ल्यू’ असे संकेत असतात. त्यांची खरी मापे नकाशाच्या कडेला असलेल्या तक्त्यात मिळतात. तक्ता न पाहता संकेतावरून रुंदी गृहीत धरू नये, कारण ‘डी१’ एका वास्तुविशारदाकडे मुख्य दार असते तर दुसऱ्याकडे बेडरूमचे.

खिडक्या. भिंतीच्या जाडीत काढलेल्या दोन-तीन बारीक समांतर रेषा म्हणजे खिडकी. खिडकी कुठे उघडते हे तिच्यापेक्षा महत्त्वाचे. बाहेर चारही बाजूंनी भिंती असलेला, आत फुली किंवा तिरपी रेघ मारलेला चौकोन असेल तर तो डक्ट आहे. टॉयलेटची खिडकी डक्टमध्ये चालते. बेडरूमची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल तर मी तो फ्लॅट घेऊ नका असेच सांगेन. दिवसा दिवे लावून राहावे लागणारी खोली कितीही स्क्वेअर फूट असली तरी खोली म्हणून तिचा उपयोग निम्माच होतो. खिडकी मोकळ्या बाजूला असेल तर लेआउटवर जाऊन समोरच्या इमारतीपर्यंतचे अंतर पाहावे, आणि समोर ‘प्रस्तावित’ लिहिलेला तुटक चौकोन असेल तर तो आज रिकामा प्लॉट दिसला तरी उद्याची इमारत समजावी.

पातळ्या. लहान वर्तुळात किंवा त्रिकोणाशेजारी लिहिलेले ‘+०.००’, ‘−०.०२’ हे आकडे फरशीची पातळी सांगतात. बाल्कनी आणि बाथरूमची पातळी खोलीपेक्षा थोडी खाली असायला हवी. सगळीकडे एकच आकडा असेल तर पावसाचे पाणी कोठे जाणार, हे विचारावे.

तपासणी: एका पेन्सिलीने सर्व बाहेरच्या खिडक्या आणि दुसरीने सर्व डक्ट रंगवावेत. कोणत्या खोलीला पहिला रंग मिळाला नाही, ते लगेच दिसेल.

## ५. क्षेत्रफळाची बेरीज स्वतः करा

कायद्याच्या व्याख्येनुसार कार्पेट, म्हणजे चटई क्षेत्र, यात फ्लॅटच्या आतील वापराची जागा आणि आतल्या दुभाजक भिंतींनी व्यापलेली जागा येते. बाहेरच्या भिंती, सर्व्हिस डक्ट, आणि फक्त त्या फ्लॅटसाठी असलेली बाल्कनी, व्हरांडा व उघडी गच्ची त्यात येत नाहीत. बाल्कनी स्वतंत्रपणे दाखवली जाते. ही व्याख्या पाठ असली की पुढचा हिशेब सोपा होतो.

आपल्या फ्लॅटबद्दल विक्री कार्यालयात ‘७५० कार्पेट’ असे सांगितले गेले आहे. करारातल्या मसुद्यात चटई क्षेत्र ६३.५० चौरस मीटर आणि बाल्कनी ६.२० चौरस मीटर लिहिली आहे. दोन्हींची बेरीज ६९.७० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ७५० चौरस फूट होते. म्हणजे तोंडी सांगितलेल्या ‘कार्पेट’मध्ये बाल्कनी मिसळली होती. कागदावरचे कार्पेट ६८३.५ चौरस फूटच आहे.

आता कागदावरचा ६३.५० हा आकडा तपासू:

- हॉल ३.२० × ६.०० = १९.२०
- स्वयंपाकघर २.४० × ३.०० = ७.२०
- पहिली बेडरूम ३.०० × ३.९० = ११.७०
- दुसरी बेडरूम ३.०० × ३.३० = ९.९०
- जोडलेले टॉयलेट १.३५ × २.४० = ३.२४
- सामायिक टॉयलेट १.२० × २.४० = २.८८
- पॅसेज १.०५ × ३.२० = ३.३६

बेरीज ५७.४८ चौरस मीटर. मुख्य दाराच्या आत १.२० × १.१० मीटरची प्रवेशाची जागा आहे, तिचे माप ब्रोशरमध्ये लिहिलेच नव्हते, ते १.३२ चौरस मीटर होतात. आतल्या भिंतींची एकूण लांबी नकाशावर मोजली तर सुमारे २२ मीटर भरते आणि जाडी १० सेंटिमीटर आहे, म्हणजे आणखी २.२० चौरस मीटर. एकूण ६१.०० चौरस मीटर. मग ६३.५० आले कुठून?

फरक अडीच चौरस मीटरचा आहे, आणि स्वयंपाकघराला लागून असलेली ड्राय बाल्कनी १.२० × २.१० म्हणजे २.५२ चौरस मीटरची आहे. हिशेब तंतोतंत बसतो: ड्राय बाल्कनी कार्पेटमध्ये धरलेली आहे. ती नकाशात बाल्कनी म्हणून दाखवली असेल तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये यायला नको. हे २७ चौरस फूट आहेत आणि प्रति चौरस फूट दर दहा हजार रुपये धरला तर २ लाख ७० हजारांचा प्रश्न आहे. अशा वेळी वाद घालण्याआधी बिल्डरच्या वास्तुविशारदाने केलेला क्षेत्रफळाचा तक्ता मागावा, ज्यात कोणता भाग कोठे धरला ते लिहिलेले असते.

तफावत शोधताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचा फरक दाराच्या उंबऱ्यांमुळे, कॉलममुळे आणि आकडे पूर्ण करण्यामुळे येऊ शकतो. त्याहून मोठा फरक मात्र कोणत्या तरी एका भागावर बोट ठेवता येईल असाच असतो, आणि तो भाग सापडेपर्यंत थांबू नये.

इशारा: महाराष्ट्राच्या नमुना करारात ताब्याच्या वेळी चटई क्षेत्रात तीन टक्क्यांपर्यंतच्या फरकाची तरतूद आहे. आपल्या फ्लॅटसाठी हे जवळजवळ १.९ चौरस मीटर होतात. त्यामुळे सुरुवातीचा आकडाच चुकीच्या पायावर असेल तर ताब्याच्या दिवशी मोजून तो सुधारता येईल, असे समजून राहू नये.

## ६. फर्निचर खोडा आणि स्वतःचे मांडा

ब्रोशरमधला पलंग सजावटीसाठी काढलेला असतो आणि तो खऱ्या पलंगापेक्षा लहान असू शकतो. काढलेल्या प्रमाणाने तो मोजून पाहिला की लगेच कळते. चित्रातले फर्निचर पेन्सिलीने खोडून, घरातल्या वस्तू टेपने मोजून त्यांचे कागदी तुकडे त्याच प्रमाणात कापावेत आणि नकाशावर ठेवावेत.

दुसरी बेडरूम घेऊ. प्लास्टरनंतर ती २.९७ × ३.२७ मीटर उरते. पाच फूट रुंदीचा पलंग १.५२ मीटर रुंद असतो आणि डोक्याकडच्या फळीसह त्याची लांबी साधारण २.०५ मीटर होते. कपाटाची खोली ०.६० मीटर. पलंगाच्या पायथ्याशी कपाट ठेवले तर २.९७ मधून २.०५ आणि ०.६० वजा जाऊन फक्त ३२ सेंटिमीटर उरतात. तेथून चालता येणार नाही आणि कपाटाचे दारही उघडणार नाही. कपाट पलंगाच्या बाजूला, ३.२७ मीटरच्या दिशेने ठेवले तर १.५२ आणि ०.६० जाऊन १.१५ मीटर उरतात. कपाटाच्या बाजूला ६५ सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ५० सेंटिमीटर, अशी ती वाटता येतील. ही मांडणी चालते, पण एकाच अटीवर: कपाटाच्या भिंतीवर खिडकी किंवा दार असता कामा नये. नकाशात ते कुठे आहे हे पाहिल्यावरच खोली पुरेशी आहे की नाही ते ठरते.

टॉयलेटमध्ये कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना किमान ४० सेंटिमीटर मोकळे मिळतात का आणि दार आत उघडताना बेसिनला लागते का, एवढे दोन प्रश्न पुरतात. स्वयंपाकघरात ओट्याची लांबी मोजताना फ्रिजची जागा वेगळी धरावी; बऱ्याच नकाशांत फ्रिज दाराच्या पाव वर्तुळातच काढलेला सापडतो.

## ७. जागेवर टेप, मग प्रश्न लेखी

बांधकाम आपल्या मजल्यापर्यंत आले असेल तर परवानगी घेऊन तीन मापे टेपने घ्यावीत: सर्वांत अरुंद खोलीची रुंदी, बीमखालची उंची आणि खिडकीची जमिनीपासूनची उंची. नमुना फ्लॅटमध्ये मोजायचे असेल तर तो खऱ्या भिंतींचा आहे का हे आधी विचारावे. काही ठिकाणी नमुना फ्लॅट पातळ पार्टिशनने उभारलेला असतो, आणि त्यामुळे खोल्या मोठ्या वाटतात.

जमलेले सर्व प्रश्न क्रमांक देऊन ईमेलने पाठवावेत: प्लास्टरनंतरची मापे, क्षेत्रफळाचा तक्ता, बीमची खोली, काँक्रीटच्या भिंती, समोरच्या प्रस्तावित इमारतीपर्यंतचे अंतर. उत्तरे आल्यावर करारासोबतचा नकाशा त्यांच्याप्रमाणे दुरुस्त करून मागावा. मंजूर नकाशात नंतर आपल्या फ्लॅटपुरता बदल करायचा असेल तर कायद्यानुसार आपली पूर्वसंमती लागते. म्हणून करारातच ‘भविष्यातील सर्व बदलांना संमती आहे’ असे सरसकट वाक्य घातले आहे का हे वकिलाकडून पाहून घ्यावे. नोंदणीच्या दिवशी करारातल्या फ्लॅटच्या नकाशाच्या पानावर फ्लॅट क्रमांक, मजला, चटई क्षेत्र, बाल्कनीचे वेगळे क्षेत्र आणि मंजुरीची तारीख या पाच गोष्टी वाचून मगच त्या पानावर सही करावी.